उलटीची गोळी घेण्याआधी: डॉम्पेरिडोन, ऑन्डॅनसेट्रॉन आणि हृदयाचे ठोके

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. लग्नसराई आणि मे महिन्याचं ऊन एकत्र आलं की काउंटरवर दिवसभर एकच मागणी असते: "भाऊ, उलट्या व्हायल्यात, एखादी जोरदार गोळी द्या." जोरदार म्हणजे कुठली, हे मागणाऱ्याला ठाऊक नसतं. मग घरात डॉम्पेरिडोन असते, दुकानातून ऑन्डॅनसेट्रॉन जाते, आणि दोन्ही एकाच दिवशी पोटात जातात. या दोन गोळ्या एकसारख्या नाहीत. दोघींत सारखी आहे ती नेमकी धोक्याची बाजू: दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या विजेवर परिणाम करतात. म्हणून गोळी घेण्याआधी काय बघायचं आणि कुठल्या क्रमानं, ते इथं लिहितो. हे फक्त मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचा हिशेब वेगळा असतो, तो इथून काढू नका.

## टप्पा १: ही उलटी घरी थांबवायची आहे का, ते आधी ठरवा

गोळी उलटी थांबवते, उलटीचं कारण नाही. काही वेळा उलटी थांबली की कारण झाकलं जातं आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. आमच्या भागात हे तीन प्रकारे होताना मी पाहिलं आहे.

पहिला प्रकार "पित्त खवळलंय" म्हणून येतो. पन्नाशी-साठीचं माणूस, बहुतेक वेळा शुगर असलेलं. मळमळ, दरदरून घाम आणि छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. शुगरच्या रुग्णांना कधी कधी छातीत दुखतसुद्धा नाही, फक्त मळमळ आणि घाम असतो. अशा वेळी ईसीजी आधी, गोळी नंतर.

दुसरा फवारणीच्या दिवसांतला. कापसावर किंवा सोयाबीनवर फवारणी करून आलेल्या माणसाला उलट्या होत असतील, तोंडाला लाळ सुटत असेल, डोळ्यांची बुबुळं बारीक झाली असतील, तर ती विषबाधा आहे. अंगावरचे कपडे काढून अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

तिसरा म्हणजे पोट फुगलंय, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, आणि हिरवी किंवा घाण वासाची उलटी होतेय. आतड्यात अडथळा असेल तर डॉम्पेरिडोन वरून ढकलत राहते, आणि ऑन्डॅनसेट्रॉन उलटी थांबवून अडथळा लपवते. अशा वेळी दोन्ही वर्ज्य.

थांबा: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, शौच डांबरासारखं काळं झालं, माणूस बरळायला लागला, आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा शुगरचा रुग्ण उलट्यांबरोबर धापा टाकायला लागला, तर घरी गोळीचा प्रयोग करू नका. १०८ ला फोन करा.

## टप्पा २: घरातली सगळी पाकिटं एका ताटात काढा

सगळ्यात जास्त चूक इथं होते, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

"आणखी काही गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की लोक बीपी आणि शुगर सांगतात. गॅसची कॅप्सूल कुणी सांगत नाही, कारण ती कुणी औषधात धरतच नाही. चहाच्या आधी घ्यायची रोजची सवय, एवढंच. पण त्या कॅप्सूलच्या नावामागे "डी" किंवा "डीएसआर" असेल, तर तो "डी" म्हणजे डॉम्पेरिडोन आहे. पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल, कुठलंही आम्लाचं औषध असो, डीएसआर कॅप्सूलमध्ये साधारणपणे ३० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन असते. ती दिवसभर हळूहळू सुटत राहते.

आता हा आकडा लक्षात घ्या. मोठ्या माणसासाठी डॉम्पेरिडोनची दिवसाची मर्यादा ३० मिलिग्रॅमच आहे: १० मिलिग्रॅमची गोळी, जास्तीत जास्त ३ वेळा. म्हणजे सकाळी डीएसआर घेतली की दिवसाचा कोटा संपला. त्यानंतर उलटीसाठी डॉम्पेरिडोनची एकही गोळी बसत नाही. तिन्ही वेळा घेतली तर बेरीज ६० होते. साठीच्या पुढच्या माणसात, आणि दिवसाला ३० च्या वर गेल्यावर, हृदयाचा धोका वाढतो हे दिसून आलेलं आहे.

डॉम्पेरिडोन लपण्याच्या आणखी दोन जागा आहेत. चक्करेसाठी सिनारिझिन असलेली गोळी देतात, तिच्यात बहुतेक वेळा १५ मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन असते. अर्धशिशीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉल किंवा नॅप्रोक्सेनबरोबर ती घातलेली असते. पाकिटाच्या पुढच्या बाजूचं मोठं नाव वाचू नका. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचा. अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

तपासा: प्रत्येक पाकिटाच्या मागे डॉम्पेरिडोन हे नाव शोधा, त्यापुढचे मिलिग्रॅम कागदावर लिहा, दिवसाच्या गोळ्यांनी गुणा आणि बेरीज करा. ३० किंवा त्याहून जास्त आली तर डॉम्पेरिडोन बाद.

## टप्पा ३: ठोक्यांवर परिणाम करणारी बाकीची औषधं वेगळी काढा

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याचे स्नायू विजेच्या दृष्टीनं पुन्हा तयार व्हावे लागतात. त्याला लागणारा वेळ ईसीजीवर "क्यूटी" म्हणून मोजतात. डॉम्पेरिडोन आणि ऑन्डॅनसेट्रॉन दोन्ही हा वेळ लांबवतात. निरोगी माणसात योग्य डोसला हे लांबणं थोडं असतं आणि काही बिघडत नाही. पण तोच वेळ आणखी दोन-तीन कारणांनी लांबला, तर पुढचा ठोका अवेळी पडतो आणि हृदय फडफडायला लागतं. माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. क्वचित जीवही जातो.

म्हणून ताटातल्या पाकिटांमध्ये ही नावं शोधा:

- जुलाब किंवा तापासाठी दिलेली अँटिबायोटिक: ऑफ्लोक्सॅसिन, लेव्होफ्लोक्सॅसिन, मॉक्सिफ्लोक्सॅसिन, अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन
- नायट्यासाठीची इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल
- मनाच्या आजाराची एस्सिटॅलोप्राम, सिटॅलोप्राम, हॅलोपेरिडॉल
- ठोक्यांसाठीच दिलेली अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल
- हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठीची बेडाक्विलिन

यातल्या इट्राकोनॅझोलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आमच्याकडे नायट्यासाठी ती आठवडेच्या आठवडे चालते. डॉम्पेरिडोन ज्या रस्त्यानं यकृतात मोडली जाते, तो रस्ताच इट्राकोनॅझोल अडवते. मग १० मिलिग्रॅम घेतलेली डॉम्पेरिडोन रक्तात कितीतरी जास्त साठते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनचंही तेच. या तिघांबरोबर डॉम्पेरिडोन पूर्ण वर्ज्य आहे. वरून गॅसच्या कॅप्सूलमुळे पोटातलं आम्ल कमी होतं आणि इट्राकोनॅझोलची कॅप्सूल नीट शोषली जात नाही. म्हणजे नायटाही बरा होत नाही आणि हृदयावर ताणही येतो. हे दोन्ही एकाच चिठ्ठीवर असेल तर चिठ्ठी परत घेऊन जा आणि विचारा. संकोच करू नका.

बीपीच्या किंवा सुजेच्या गोळीत क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड किंवा टोरसेमाइड आहे का, तेही बघा. या गोळ्यांनी लघवीवाटे पोटॅशियम जातं. उलटी-जुलाबांतही पोटॅशियम जातं. महिनोन्‌महिने गॅसची कॅप्सूल घेतली तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. हे दोन क्षार कमी असले की क्यूटी आधीच लांबलेला असतो.

थांबा: हृदयाचं पंपिंग कमी आहे असं सांगितलेलं असेल, क्यूटी लांब असल्याचं पूर्वी कळलं असेल, यकृताचा मोठा आजार असेल, आधी कधी अचानक शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अकस्मात दगावलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींपैकी एकही घेऊ नका.

## टप्पा ४: दोन्हींतली कुठली, ते त्रासावरून ठरवा

डॉम्पेरिडोन जठराला पुढं ढकलायला लावते. चार घास खाल्ले की पोट गच्च, ढेकर, सकाळचं जेवण दुपारपर्यंत वर येतंय, अशा मळमळीत ती उपयोगी पडते. मेंदूत ती फारशी शिरत नाही, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णांच्या मळमळीतही डॉक्टर तिचा विचार करतात.

ऑन्डॅनसेट्रॉन जठराला ढकलत नाही. आतड्यातून आणि मेंदूतून उलटीचा जो संदेश जातो, तो ती अडवते. केमोथेरपी, रेडिएशन आणि ऑपरेशननंतरच्या उलट्यांसाठी ती मुळात आहे. जुलाबांबरोबर जोराच्या उलट्या होऊन पाणीही टिकत नसेल, तेव्हाही डॉक्टर ती देतात.

म्हणून "जोरदार कुठली" या प्रश्नाला उत्तर नाही. पोट गच्च असलेल्याला ऑन्डॅनसेट्रॉन दिली तर गच्चपणा तसाच राहतो, वर बद्धकोष्ठ होतं. जुलाब जोरात असलेल्याला डॉम्पेरिडोन दिली तर फारसं हाती लागत नाही. एसटीत किंवा घाटात लागणाऱ्या मळमळीत दोन्ही कुचकामी आहेत. त्यासाठीची गोळी वेगळी असते.

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत ऑन्डॅनसेट्रॉन स्वतःहून घेऊ नका. बाळाच्या ओठ-टाळूच्या दोषाचा धोका किंचित वाढतो, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचा.

तपासा: दोन्हींपैकी एकच. डॉम्पेरिडोननं अर्ध्या तासात गुण आला नाही म्हणून वर ऑन्डॅनसेट्रॉन घेणं, ही मी रोज बघतो ती चूक.

## टप्पा ५: आधी क्षार, मग गोळी

ओआरएस चालू करून गोळी घ्यायची, गोळीनं बरं वाटल्यावर ओआरएस नाही. ठोके सुरक्षित ठेवण्यात ओआरएसमधल्या पोटॅशियमचा वाटा मोठा आहे. घरी केलेल्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसतं.

मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं, आणि १ लिटर म्हणजे पूर्ण १ लिटर. काउंटरवर मी विचारतो तेव्हा कळतं की निम्मे लोक अर्धं पाकीट एका पेल्यात टाकतात. असं दाट पाणी प्यायलं की मळमळ वाढते आणि जुलाबही वाढतात. लिटरची बाटली भरा, पूर्ण पाकीट टाका, हलवा आणि २४ तासांत संपवा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा पाजा. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पोटॅशियमचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा.

## टप्पा ६: गोळी घेण्याची पद्धत

दोन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची आहेत. दुकानात सहज मिळतात म्हणून ती साधी होत नाहीत.

डॉम्पेरिडोन: १० मिलिग्रॅम, जेवणाच्या १५ ते ३० मिनिटं आधी, दिवसात जास्तीत जास्त ३ वेळा. जेवल्यावर घेतली तर असर उशिरा होतो. गुलाबी-पांढरं पातळ अँटासिड तिच्याबरोबर पिऊ नका, ते जेवणानंतर घ्या. एक गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. साधारण एका आठवड्याच्या पुढं ती चालू ठेवायची नसते.

ऑन्डॅनसेट्रॉन: साध्या जुलाब-उलटीत डॉक्टर सहसा ४ मिलिग्रॅमची एक गोळी देतात, गरज वाटली तर ८ तासांनी पुन्हा. केमोथेरपीतले डोस वेगळे असतात, शेजाऱ्याची चिठ्ठी बघून ते उचलू नका. यकृताचा गंभीर आजार असेल तर पूर्ण दिवसात ८ मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. तोंडात विरघळणारी गोळी असेल तर हात कोरडे करून घ्या. पाकिटातून दाबून काढू नका, तुटते. मागचा कागद सोलून काढा. जिभेवर ठेवा आणि विरघळली की लाळेबरोबर गिळा. ती जिभेतून रक्तात जात नाही, पोटातूनच जाते, म्हणून लगेच गुण येईल ही अपेक्षा ठेवू नका. अर्धा ते एक तास द्या.

सुईबद्दलही सांगतो. सलाइनमधून ऑन्डॅनसेट्रॉन दिली असेल तर तीही हिशेबात धरायची. शिरेतून दिलेल्या डोसचा क्यूटीवर परिणाम जास्त होतो, म्हणूनच एका वेळी १६ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. घरी येताना सुईत काय होतं ते विचारा, आणि घरी आल्यावर "गुण राहावा म्हणून" वरून गोळी घेऊ नका.

## एक घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. ६६ वर्षांच्या एक आजी. शुगर होती, बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन होती, आणि दोन वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या डीएसआर कॅप्सूल. लग्नाच्या पंगतीनंतर रात्रीपासून जुलाब-उलट्या. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडॅझोल आणि डॉम्पेरिडोन १० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा दिली. संध्याकाळी मुलगा माझ्याकडे आला. "भाऊ, मायच्या उलट्या थांबंना गेल्यात." मी चिठ्ठी मागितली नाही. ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या. गर्दी होती, पण ते कारण होऊ शकत नाही.

रात्री अकराच्या सुमारास आजी बाजेवर बसल्या बसल्या कोसळल्या. मिनिटभरात शुद्धीवर आल्या आणि "काही नाही, अशक्तपणा आहे" म्हणाल्या. सुनेनं ऐकलं नाही, गाडी बोलावली. रुग्णालयात ईसीजीवर क्यूटी ५१८ आला, रक्तात पोटॅशियम २.९. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शिरेतून दिलं, वरच्या सगळ्या गोळ्या थांबवल्या, रात्रभर मॉनिटर लावला. तिसऱ्या दिवशी क्यूटी ४५२ वर आला.

दुसऱ्या दिवशी मुलगा सगळी पाकिटं पिशवीत घालून माझ्याकडे आला तेव्हा मी कागदावर बेरीज केली. डॉम्पेरिडोन, कॅप्सूलमधली ३० आणि गोळ्यांतली ३०, एकूण ६०. त्यावर ऑफ्लोक्सॅसिन. त्यावर माझी ऑन्डॅनसेट्रॉन. खाली क्लोरथॅलिडोननं आणि जुलाबानं रिकामं केलेलं पोटॅशियम, आणि दोन वर्षांच्या कॅप्सूलनंतरचं मॅग्नेशियम. यातलं कुठलंही एक औषध एकटं असतं तर बहुधा काही झालं नसतं.

ही बेरीज आदल्या संध्याकाळी करता आली असती. डीएसआर आणि डॉम्पेरिडोनची गोळी बंद, ऑफ्लोक्सॅसिनची खरंच गरज आहे का ते डॉक्टरांना फोनवर विचारायचं, ओआरएस चमच्यानं चालू, आणि ६६ वर्षांच्या, लघवीची गोळी घेणाऱ्या, रात्रभर जुलाब झालेल्या बाईला उलटीचं दुसरं औषध देण्याआधी ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी. त्यात एक तास गेला असता.

## टप्पा ७: गोळी घेतल्यावर काय बघायचं

उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की उभं राहताना चक्कर येते, आडवं पडलं की बरं वाटतं. ठोके बिघडल्यानं येणारी चक्कर तशी नसते. ती बसल्या जागी किंवा झोपूनही येते, डोळ्यांपुढं एकदम अंधार होतो, छातीत फडफड जाणवते, आणि काही सेकंदांत माणूस पुन्हा ठीक दिसतो. हे ठीक दिसणंच फसवतं. कधी हातपाय आखडतात आणि घरचे फिट आली म्हणून कांदा हुंगवत बसतात. असं एकदा जरी झालं तरी उलटीची गोळी बंद करून ईसीजी असलेल्या ठिकाणी जा, आणि सगळी पाकिटं बरोबर न्या.

ईसीजीच्या कागदावर मशीन "क्यूटीसी" म्हणून आकडा छापते. पुरुषांत साधारण ४५० पर्यंत आणि बायकांत ४६० पर्यंत चालतो. ५०० च्या वर गेला की धोका ठळक असतो. मशीन चुकू शकते, म्हणून डॉक्टर तो हातानं पुन्हा मोजतात. आकडा बघून स्वतः घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका, कागद त्यांना दाखवा.

बाकीचे त्रास सौम्य असले तरी ओळखता यावेत. ऑन्डॅनसेट्रॉननं डोकं दुखतं आणि शौचाला घट्ट होतं. डॉम्पेरिडोन महिनोन्‌महिने घेतली तर प्रोलॅक्टिन वाढतं: बायकांची पाळी चुकते, बाळ नसताना छातीतून दूध येतं, पुरुषांची छाती दुखते किंवा वाढते. या तक्रारी घेऊन लोक तपासण्यांवर पैसे घालतात, आणि कारण सकाळच्या कॅप्सूलमध्ये असतं.

## टप्पा ८: बंद कधी करायची

उलटी थांबून पाणी आणि पातळ वरण-भात टिकायला लागला की त्याच दिवशी गोळी बंद. पाकीट संपवायची गरज नाही, हे अँटिबायोटिक नव्हे. दोन दिवसांत फरक नसेल तर गोळी बदलू नका, डॉक्टर गाठा.

वर्षानुवर्षं डीएसआर घेणाऱ्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: "यातली डॉम्पेरिडोन मला अजून लागते का?" पुष्कळदा उत्तर नाही असं येतं, आणि आम्लाची साधी गोळी, तीही थोडे दिवस, पुरते. त्या आजी आता कॅप्सूल घेत नाहीत. त्यांच्या मुलानं सगळ्या औषधांची नावं, आतल्या घटकांसकट, एका जाड कागदावर लिहून घेतली आहेत. तो कागद शुगरच्या वहीत असतो, आणि दुकानात आला की आधी तो काउंटरवर ठेवतो.